एका पत्र्यातून किती गोल ब्लँक निघतात? सरळ रांगांचा हिशेब आणि स्क्रॅपची टक्केवारी

पत्र्याच्या क्षेत्रफळाला ब्लँकच्या क्षेत्रफळाने भागायचं, आलेला आकडा कोटेशनमध्ये टाकायचा आणि ऑर्डर मिळाली की पत्रा कमी का पडला म्हणून शेअरिंगवाल्याला धारेवर धरायचं, हा प्रकार छोट्या प्रेस शॉपमध्ये अजून सर्रास चालतो. थोडा सावध माणूस लांबी आणि रुंदी वेगवेगळी व्यासाने भागतो, पण त्याचाही आकडा चुकतोच. कारण दोन्ही हिशेबांत पत्रा कसा कापला जाणार आहे, हे कुठेच धरलेलं नसतं.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. १.२ मिमी जाडीचा सीआरसीए पत्रा, माप २५०० × १२५० मिमी. त्यातून १५२ मिमी व्यासाचे गोल ब्लँक काढायचे आहेत. ते पुढे ड्रॉ होऊन झाकण बनणार. पत्रा आधी शेअरिंग मशिनवर पट्ट्यांत कापायचा, मग प्रत्येक पट्टी पॉवर प्रेसवर हाताने सरकवत एका रांगेत ब्लँक पाडायचे. लेझरवर अख्खा पत्रा लावणाऱ्यांचा हिशेब थोडा वेगळा असतो, तो जाता जाता येईलच.

## १. आधी टेप हातात घ्या

बाजारात ‘आठ बाय चार’ म्हटलं की दोन वेगळे पत्रे समोर येऊ शकतात. एक खरा आठ फूट बाय चार फूट, म्हणजे सुमारे २४४० × १२२० मिमी. दुसरा मेट्रिक, २५०० × १२५०. बोलताना दोघांनाही तेच नाव, आणि फरक रुंदीत जेमतेम ३० मिमीचा. तेवढ्याने काय होतं, असं वाटेल. पुढे तिसऱ्या टप्प्यात दिसेल की आपल्या ब्लँकला हे ३० मिमी पत्र्यामागे १५ नग महाग पडतात.

म्हणून बिलावरचं माप न घेता पत्र्याचं माप घ्या. लांबी दोन्ही कडांवर, रुंदी दोन्ही टोकांना, आणि हिशेबात धरायचा तो सगळ्यांत लहान आकडा. कोपऱ्याला गुणिया लावा किंवा दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत फरक असेल तर पत्रा काटकोनात नाही, आणि पहिला काप फक्त कड सरळ करण्यात जाईल. तो काप किती मिमी खाईल ते लांबीतून किंवा रुंदीतून आताच वजा करा.

तपासणी: कड दुमडलेली, गंजलेली किंवा वाहतुकीत मार लागलेली असेल तर तेवढी पट्टी पत्र्यात धरू नका. ती खराब कड पट्टीच्या बाजूला आली की तिथला ब्रिज पहिल्याच फटक्यात तुटतो.

## २. ब्रिज आणि कड ठरवा

दोन ब्लँकच्या मध्ये जी धातूची अरुंद जागा सोडतो, तो ब्रिज. ब्लँक आणि पट्टीची बाजू यांच्यामध्ये सोडतो, ती कड. दोन्ही वाया जाणारच, पण त्या सोडल्याशिवाय गोल पूर्ण कापला जात नाही.

ढोबळ नियम असा की ब्रिज जाडीच्या एक ते दीडपट, आणि कड त्याहून किंचित जास्त. १.२ मिमी पत्र्याला यातून दीड-दोन मिमी येतात. मात्र हा नियम लहान ब्लँकला आणि नीट गाइड असलेल्या डायला शोभतो. १५२ मिमीचा ब्लँक, सव्वा मीटरची पट्टी आणि हाताने फीड, असं असताना दीड मिमीची कड कागदावरच राहते. पट्टी जराशी तिरकी झाली तरी कड एका बाजूला शून्यावर येते. इतका बारीक ब्रिज पंचासोबत डायमध्ये ओढला जाण्याची भीती वेगळीच. आपण ब्रिज ३ मिमी आणि प्रत्येक बाजूची कड ३ मिमी धरू. जुने फिटर याला ‘एक सूत’ म्हणतील, आणि ते जवळपास बरोबरच आहे.

यातून दोन मापं मिळतात, ती कागदावर वेगळी लिहून ठेवा:

- पट्टीची रुंदी: १५२ + ३ + ३ = १५८ मिमी
- पिच, म्हणजे एका ब्लँकच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत: १५२ + ३ = १५५ मिमी

सावधान: ही दोन मापं एकच समजणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. पट्टी कापली की तिला स्वतःच्या दोन कडा लागतात, म्हणून शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांतल्या ब्लँकमध्ये ६ मिमी जातात. अख्खा पत्रा एकाच वेळी लेझरवर कापला तर रांगांमध्येही ३ मिमीच पुरतात, कारण तिथे ब्रिज दोन रांगांना सामाईक असतो. लेझरचा ले-आउट बघून प्रेसचं कोटेशन दिलं तर आकडा फुगतो तो इथेच.

## ३. दोन्ही दिशांनी मोजा

पट्ट्या दोन प्रकारे कापता येतात. आखूड पट्ट्या, म्हणजे प्रत्येक पट्टी १२५० मिमी लांब. किंवा लांब पट्ट्या, प्रत्येकी २५०० मिमी. पट्ट्यांची संख्या आणि एका पट्टीतले ब्लँक यांची सूत्रं अशी:

```
पट्ट्या = INT(S / (D + 2*e))
ब्लँक  = INT((P - 2*e + b) / (D + b))
```

इथे `S` म्हणजे पत्र्याची जी बाजू पट्ट्यांत विभागली जाते ती, `P` पट्टीची लांबी, `D` व्यास, `e` कड आणि `b` ब्रिज. दुसऱ्या सूत्रात `+ b` का आलं, असा प्रश्न नेहमी पडतो. आठ ब्लँकच्या मध्ये ब्रिज सातच असतात. प्रत्येक ब्लँकमागे एक ब्रिज धरून भागायचं, तर तो नसलेला आठवा ब्रिज लांबीत आधी मिळवून घ्यावा लागतो. हा एक ब्रिज विसरला की काठावरच्या मापात एक ब्लँक उगाच कमी दिसतो. उलट टोकांच्या कडा वजा करायला विसरलं तर एक ब्लँक उगाच जास्त दिसतो.

आता आकडे घालू.

आखूड पट्ट्या. २५०० ला १५८ ने भागलं की १५.८२, म्हणजे १५ पट्ट्या. एका पट्टीत (१२५० − ६ + ३) ÷ १५५ = ८.०४, म्हणजे ८ ब्लँक. एकूण १५ × ८ = १२० ब्लँक.

लांब पट्ट्या. १२५० ला १५८ ने भागलं की ७.९१, म्हणजे ७ पट्ट्या. एका पट्टीत (२५०० − ६ + ३) ÷ १५५ = १६.११, म्हणजे १६ ब्लँक. एकूण ७ × १६ = ११२ ब्लँक.

पत्रा तोच, ब्लँक तोच, डाय तीच. फक्त पहिला काप कुठल्या बाजूने घेतला यावर ८ नगांचा फरक पडला. तरीही बरेच ऑपरेटर लांब पट्ट्याच पसंत करतात. पट्ट्या कमी, उचलापाचल कमी, आणि पट्टी बदलायला प्रेस थांबवावा लागतो तोही कमी वेळा. त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण कोटेशन १२० वर दिलं असेल तर पहिल्या पट्टीआधी हे त्यांच्याशी बोलून घ्या.

आता याच पायरीवर आठ बाय चार फुटी पत्रा ठेवून बघा. २४४० ÷ १५८ म्हणजे १५ पट्ट्या, आणि (१२२० − ३) ÷ १५५ = ७.८५, म्हणजे ७ ब्लँक. एकूण १०५. दुसऱ्या दिशेने मोजलं तरी ७ × १५ = १०५ च. व्यापाऱ्याने ‘तोच पत्रा’ म्हणून हा पाठवला तर १२० चे १०५ होतात.

सावधान: ७.९१ चे ८ करू नका. एक्सेलमध्ये `ROUND` वापरलं की हेच होतं. इथे नेहमी `INT` किंवा `ROUNDDOWN`. पाऊण ब्लँक हा ब्लँक नसतो.

तपासणी: उत्तर उलट गुणून बघा. आठ ब्लँकला ८ × १५२ + ७ × ३ + २ × ३ = १२४३ मिमी लागतात, पट्टी १२५० ची आहे. ७ मिमी शिल्लक, म्हणजे ठीक. पंधरा पट्ट्यांना २३७० मिमी लागतात, मागे १३० × १२५० चा तुकडा उरतो.

## ४. आकडा काठावर असेल तर थांबा

लांब पट्ट्यांच्या हिशेबात ७.९१ आलं, आखूडमध्ये १५.८२. दोन्ही पूर्ण आकड्याच्या इतके जवळ आहेत की हात शिवशिवणारच. कड ३ ऐवजी २ मिमी केली तर? पट्टी १५६ ची होते. २५०० ÷ १५६ = १६.०३, म्हणजे १६ पट्ट्या. त्यात आठ-आठ ब्लँक, एकूण १२८. पत्र्यामागे आठ नग फुकट मिळाल्यासारखं वाटतं.

कागदावर हे बरोबरच आहे. प्रश्न शेअरिंगचा. सोळा पट्ट्या × १५६ = २४९६, म्हणजे शिल्लक फक्त ४ मिमी. ही ४ मिमी सोळा कापांत वाटली तर प्रत्येक कापाला पाव मिमी चूक करायची मुभा मिळते. बॅक गेजचा स्टॉपर जरा सैल असेल आणि प्रत्येक पट्टी ०.३ मिमी जास्त येत असेल, तर पंधराव्या पट्टीपर्यंत ४.५ मिमी खाल्ले जातात आणि शेवटची पट्टी १५५.५ ची निघते. तिच्यात दोन्ही बाजूंना जेमतेम १.७५ मिमी कड उरते. शिवाय पहिला काप कड सरळ करण्यात गेला असेल तर सोळावी पट्टी मुळातच नाही.

लांब पट्ट्या घेतल्या तर हे आणखी नाजूक. आठ पट्ट्यांना १२४८ मिमी लागतात, शिल्लक २ मिमी. अडीच मीटरची अरुंद पट्टी कापताना ती थोडी तलवारीसारखी वाकते. मग ती गाइडमध्ये सरळ चालत नाही. तीन मिमीची कड हा वाक सांभाळून घेते, दोन मिमीची नाही.

म्हणून माझा सल्ला असा: कोटेशन १२० वरच द्या. मग एक पत्रा १५६ च्या आखूड पट्ट्यांत कापून बघा. पहिली, आठवी आणि शेवटची पट्टी दोन्ही टोकांना व्हर्नियरने मोजा. तिन्ही १५६ च्या पाव मिमीच्या आत असतील आणि ब्लँक साफ पडत असतील, तरच १२८ धरा. जमलं तर नफा तुमचा. नाही जमलं तर एका पत्र्यावर निभावलं.

कड कमी पडल्याची खूण ब्लँकवरच दिसते. गोलाच्या एका बाजूला छोटी चपटी कड येते. तिथे पंचाने धातू कापलेलाच नसतो, पट्टीची मूळ बाजू तशीच राहिलेली असते. व्हर्नियर त्या दिशेने लावला की व्यास कमी भरतो. असा ब्लँक ड्रॉ केला की झाकणाचा काठ त्या जागी खाली राहतो आणि ट्रिमिंगमध्येही निघत नाही. दुसरी खूण पट्टीच्या जाळीवर: एका बाजूचा ब्रिज रुंद आणि दुसऱ्या बाजूचा कागदासारखा, किंवा तुटून लोंबणारा. ब्रिज लोंबायला लागला तर फीड लगेच थांबवा, तो तुकडा पुढच्या फटक्याला डायवर येऊ शकतो.

## ५. स्क्रॅपची टक्केवारी काढा

आता क्षेत्रफळाचा वापर करायचा, पण संख्या ठरल्यावर.

एका ब्लँकचं क्षेत्रफळ ०.७८५४ × १५२ × १५२ = १८,१४६ चौ. मिमी. १२० ब्लँकचं सुमारे २१,७७,५०० चौ. मिमी. पत्रा ३१,२५,००० चौ. मिमी. म्हणजे वापर ६९.७ टक्के आणि स्क्रॅप ३०.३ टक्के. लांब पट्ट्यांच्या ११२ ब्लँकला हाच हिशेब लावला तर स्क्रॅप ३५ टक्क्यांच्या जवळ जातो. आठ बाय चार फुटी पत्र्यावरच्या १०५ ला ३६ टक्के. काठावरच्या १२८ ला २५.७.

ही टक्केवारी पाहून नवख्या माणसाला वाटतं काहीतरी चुकलं, एवढा माल वाया कसा जाईल? चौकोनात गोल बसवला की चारही कोपरे जाणारच. सरळ रांगांत ब्रिज, कड, उरलेला तुकडा सगळं शून्य धरलं तरी वापर ७८.५४ टक्क्यांच्या पुढे जात नाही. व्यास लहान करा, मोठा करा, हा आकडा हलत नाही.

तपासणी: सरळ रांगांत तुमच्या हिशेबात स्क्रॅप २१.४६ टक्क्यांपेक्षा कमी येत असेल तर गणित चुकलंय, शोधायला बसा. क्षेत्रफळ भागून आलेल्या १७२ ब्लँकचा दोष यातच उघडा पडतो, तिथे स्क्रॅप जवळजवळ शून्य दिसतो. रांगा एकमेकींच्या खाचेत सरकवल्या, म्हणजे झिगझॅग लावल्या, तर यापेक्षा कमी स्क्रॅप येऊ शकतो, पण त्याला रुंद पट्टी आणि वेगळी फीड लागते. तो हिशेब इथे मिसळू नका.

एक वाद नेहमी होतो तो उरलेल्या तुकड्यावरून. १३० × १२५० चा तुकडा पत्र्याच्या ५.२ टक्के आहे. तो शंभर मिमीच्या दुसऱ्या कुठल्या ब्लँकला चालणार असेल तर स्क्रॅप नाही, तो स्टोअरमध्ये परत गेलेला माल आहे. मग टक्केवारी काढताना खालचा आकडाही बदला. पट्ट्यांचं क्षेत्रफळ २३७० × १२५० = २९,६२,५०० चौ. मिमी, आणि त्यावर स्क्रॅप २६.५ टक्के. ३०.३ आणि २६.५ दोन्ही खरे आहेत, पण एक पूर्ण पत्र्यावर आणि दुसरा वापरलेल्या मालावर. ग्राहकाला एक सांगायचा आणि अकाउंट्सला दुसरा द्यायचा, यातून महिन्याच्या शेवटी तिसराच आकडा निघतो. कशावर काढला ते टक्क्याच्या शेजारी लिहा. आणि तुकडा वर्षभर कोपऱ्यात गंजत पडणार असेल तर प्रामाणिकपणे ३०.३ लिहा.

ब्लँकच्या मध्ये भोक असेल तर भोकातून पडणारा तुकडाही स्क्रॅपमध्येच मोजायचा. नग तेवढेच राहतात, टक्का वाढतो.

## ६. वजनात आणि पत्र्यांच्या संख्येत उतरवा

पत्रा किलोवर येतो आणि भंगार किलोवर जातं, म्हणून शेवटी वजन लागतंच. एक मिमी जाडीचा एक चौरस मीटर स्टील पत्रा ७.८५ किलो. आपला पत्रा ३.१२५ × १.२ × ७.८५ = २९.४४ किलो. एक ब्लँक १७१ ग्रॅम. पण एका ब्लँकमागे विकत घ्यावा लागणारा माल २९.४४ ÷ १२० = २४५ ग्रॅम. लांब पट्ट्यांत तोच २६३ ग्रॅम.

कोटेशनमध्ये मालाचा खर्च २४५ ग्रॅमवर धरायचा, आणि ७४ ग्रॅम भंगाराची किंमत त्यातून वजा करायची, तीही भंगाराच्या दराने. १७१ ग्रॅमवर खर्च काढणारा प्रत्येक नगावर तोटा करतो.

५००० नगांची ऑर्डर असेल तर ५००० ÷ १२० = ४१.६७, म्हणजे ४२ पत्रे. इथे मात्र आकडा वर न्यायचा. रिजेक्शनसाठी दोन टक्के जास्त धरले, म्हणजे ५१०० नग, तर ४३ पत्रे. क्षेत्रफळ भागणाऱ्याने याच ऑर्डरला ३० पत्रे मागवले असते आणि ३६०० नगांवर प्रेस थांबला असता.

## ७. पहिल्या पत्र्याचं वजन करा

पहिला पत्रा कापायच्या आधी त्याचं वजन घ्या. मग १२० ब्लँक, पट्ट्यांच्या जाळ्या आणि उरलेला तुकडा, तिन्ही वेगवेगळे तोला. हिशेबाप्रमाणे २०.५ किलो ब्लँक, ७.४ किलो जाळ्या आणि १.५ किलो तुकडा यायला हवा.

बेरीज पत्र्याच्या वजनाशी जुळते पण ब्लँक कमी आणि जाळ्या जास्त असतील, तर नग मोजा. बहुतेक वेळा काही पट्ट्यांत आठऐवजी सातच पडलेले असतात. कारण फीडच्या स्टॉपरमध्ये सापडतं: पिच १५५ ऐवजी १५६ पडली तर आठ ब्लँकला १२५० ची पट्टी पुरी लागते, आणि १५७ पडली तर आठवा ब्लँक पट्टीबाहेर जातो. जाळीवर लागोपाठ दोन भोकांच्या एकाच बाजूच्या कडांमधलं अंतर व्हर्नियरने मोजलं की पिच लगेच कळते.

नग बरोबर १२० आहेत, पण पत्राच २९.४४ ऐवजी ३०.२ किलो भरतोय, तर पत्रा जाड आहे, सुमारे १.२३ मिमी. स्क्रॅपची टक्केवारी यात बदलणार नाही, कारण ब्लँक आणि भंगार एकाच प्रमाणात जड झाले. पण प्रत्येक ब्लँक आता १७५ ग्रॅमचा आहे आणि किलोच्या दराने पत्र्यामागे पाऊण किलोचे पैसे जास्त गेलेत. ते कोटेशनमध्ये नव्हते. पुढचा लॉट उतरवून घेताना मायक्रोमीटर कडेपासून थोडं आत, तीन-चार जागी लावा, आणि जाडी लिहून घेतल्याशिवाय चलनावर सही करू नका.